लॅपटॉपखालचा पंखा कितपत उपयोगी?

कोरपन्याकडे मे महिन्यात दुपारी खोलीतले तपमानदेखील 40 अंश सेल्सिअसवर जाते. अशा वेळी टेबलावरचा लॅपटॉप तापून घरघरू लागला की कोणीतरी सल्ला देतो, "खाली पंख्याची बैठक ठेवा, गार होईल." खरेच होईल का?

पंखा हवा गार करीत नाही, नुसती हलवतो. आपल्याला गार वाटते ते घाम वाळतो म्हणून. लॅपटॉपला घाम कुठला? तेव्हा 40 अंशांची हवा कितीही जोराने फुंकली तरी तो 40 च्या खाली येणार नाही. पंख्याने कमी होऊ शकतो तो फक्त आतला प्रोसेसर आणि खोलीतील हवा यांच्या तपमानांतील फरक.

समजा, 28 अंशांच्या खोलीत एक जड काम करताना प्रोसेसर 78 अंशांवर स्थिर झाला. फरक 50 चा. तेच काम 40 अंशांच्या खोलीत केले, तर फरक जवळजवळ तेवढाच राहून प्रोसेसर 90 वर जाईल. आता बैठकीने हा फरक 45 वर आणला असे धरा. तपमान 85 होईल. ऋतूने 12 अंश चढवले, बैठकीने 5 उतरवले.

हे 5 अंश तरी मिळतील की नाही, हे लॅपटॉप उलटा करून पाहिले की कळते. पुष्कळ लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा आत ओढतात. टेबलावर ठेवल्यावर त्याखाली जेमतेम काही मिलिमीटरची फट उरते आणि गादीवर तर तीही बुजते. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली की वाट मोकळी होते. बराचसा फायदा एवढ्यानेच मिळतो. साध्या उतरत्या स्टँडला पंखा लागत नाही. पंख्याची बैठक घ्यायचीच, तर वरचा भाग जाळीचा हवा आणि पंखा नेमका लॅपटॉपच्या जाळीखाली यायला हवा. तळ बंद असेल, तर झोत फक्त बाहेरचे कवच गार करतो. हाताला बरे वाटते, पण प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागत नाही!

तुम्ही स्वतः पडताळून पाहा. एकच काम वीस मिनिटे चालवा, प्रोसेसरच्या तपमानातून खोलीचे तपमान वजा करा आणि बैठकीसह व बैठकीविना येणारे फरक ताडून पाहा. यात एक फसगत संभवते. फार तापल्यावर, बहुधा 95 ते 100 अंशांच्या आसपास, प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. मग आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो. म्हणून काम संपायला लागलेला वेळही टिपून ठेवा. आकडा तोच, पण काम लवकर उरकले, तर बैठक उपयोगी पडली असे समजा.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर मात्र खोलीचेच तपमान सात-आठ अंशांनी सहज उतरवतो, कारण बाष्पीभवनाला लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते. लॅपटॉप त्याच्या ओल्या झोतासमोर ठेवू नका, खोलीत दुसऱ्या बाजूला ठेवा. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय चालत नाही.