लूप दोन, उत्तर मात्र n

गेटची तयारी करणाऱ्या मुलांना मी एक प्रश्न पहिल्याच तासाला घालतो. कोड एवढासाच आहे:

```c
for (i = 1; i <= n; i = i * 2)
    for (j = 1; j <= i; j++)
        count++;
```

याला किती वेळ लागेल? संगणकावरची सेकंदं मोजायची नाहीत. n वाढत गेला की काम कोणत्या चालीनं वाढतं, एवढंच विचारलेलं असतं. ती चाल लिहायची खूण म्हणजे बिग-ओ. जर्मन गणिती पाउल बाखमान यांनी १८९४ साली ती अंकशास्त्रासाठी वापरली. संगणकशास्त्रात ती रुळली त्यात डोनाल्ड क्नुथ यांचा मोठा वाटा.

वर्गात दोन उत्तरं येतात. काही जण लूपात लूप दिसला की लगेच O(n²) लिहितात. जरा सावध असलेली मुलं म्हणतात, बाहेरचा लूप दुपटीनं उड्या मारतो, म्हणजे त्याच्या फेऱ्या log n. आतला n पर्यंत जातो. गुणाकार केला, O(n log n). ऐकायला पटतं, पण गुण जातात.

n ची किंमत १६ धरून कागदावर मोजू या. i क्रमानं १, २, ४, ८, १६ होतो. आतला लूप दर वेळी i इतक्याच फेऱ्या मारतो, म्हणून count++ ही ओळ १ + २ + ४ + ८ + १६, म्हणजे ३१ वेळा चालते. n च्या दुपटीला एक कमी. गुणाकार करणाऱ्यांनी पाचही वेळा आतल्या लूपाला पूर्ण १६ फेऱ्या दिल्या आणि ८० मोजले. फेऱ्यांची संख्या बाहेरच्या i वर अवलंबून असेल, तर गुणाकार चालत नाही, बेरीजच करावी लागते.

ही बेरीज इतकी लहान कशी? बाद पद्धतीची कबड्डी स्पर्धा आठवा. १६ संघ असतील तर पहिल्या फेरीत ८ सामने, मग ४, २ आणि १. एकूण १५. फेऱ्या वाढल्या तरी सामने संघांच्या संख्येच्या वर जात नाहीत, कारण प्रत्येक फेरी आधीच्या निम्मी असते. इथंही तसंच: शेवटची संख्या एकटीच आधीच्या साऱ्यांच्या बेरजेहून मोठी. म्हणून उत्तर O(n).

इथं एक बारकावा आहे. बिग-ओ ही वरची मर्यादा असल्यामुळे O(n²) म्हणणं काटेकोरपणे खोटं नाही. पण प्रश्नात सर्वांत घट्ट मर्यादा विचारलेली असते. चांगल्या प्रश्नपत्रिकेत ते स्पष्ट लिहितात किंवा थीटाची खूण देतात. हा शब्द वाचायचा राहिला की येणारं उत्तरही चुकतं.

आता रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन.

```c
int f(int n) {
    if (n <= 1) return 1;
    return f(n/2) + f(n/2);
}
```

f(16) एकदा, f(8) दोनदा, f(4) चारदा, f(2) आठदा, f(1) सोळा वेळा. पुन्हा तीच बेरीज, ३१! लूप आणि रिकर्शन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात, पण मोजणी एकच आहे, हे दिसलं की मुलांची निम्मी भीती जाते असं मी पाहिलं आहे. शेवटची ओळ `return 2 * f(n/2);` अशी केली, तर f(16) चं उत्तर १६ च राहतं, पण हाका फक्त पाच. O(n) चं O(log n) झालं. गणितात दोन्ही ओळी सारख्या. यंत्राला मात्र पहिल्या ओळीत तेच काम दोनदा करावं लागतं, आणि प्रत्येक पायरीवर दोनदा. परीक्षक नेमकी हीच जागा हेरतो.

त्याच फंक्शनात n/2 च्या जागी n-1 आलं, तर आकार निम्मा होत नाही, एकानंच घटतो, आणि हाका मात्र दुप्पट होत राहतात. तेव्हा f(16) ला ६५,५३५ हाका लागतात. हे O(2ⁿ).

तेव्हा परीक्षेच्या खोलीत सूत्र आठवत बसू नका. सर्वांत आतली ओळ, किंवा फंक्शनची हाक, १६ साठी किती वेळा होते ते लिहा. मग ३२ साठी लिहा. आकडा ५ वरून ६ झाला, तर log n. ३१ चे ६३, म्हणजे जवळपास दुप्पट झाले, तर n. दुपटीहून थोडा जास्त, जसं ६४ चे १६०, तर n log n. चौपट झाला तर n².