भांडं कोमट, दूध कढत

गॅसवर दूध तापवताना आपण पातेल्याकडे डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त लक्ष देतो. तळाशी बारीक सूं सूं सुरू होते, कडेला बुडबुडे धरतात, साय हलू लागते आणि मग दूध फुगून वर येतं. ते उतू जाण्याआधी एवढ्या खुणा मिळतात. मायक्रोवेव्हमध्ये यातल्या बहुतेक खुणा दिसतच नाहीत. पेला शांत असतो, हाताला जेमतेम गरम लागतो, आणि पहिल्याच घोटाला जीभ पोळते. किंवा चमचा बुडवला की दूध भसकन वर येऊन हातावर सांडतं.

याचं मूळ एका उलट्या गोष्टीत आहे. गॅसवर आधी भांडं तापतं आणि भांडं दुधाला तापवतं. म्हणजे दुधापेक्षा भांडं नेहमी जास्त गरम असतं. मायक्रोवेव्हच्या लहरी काचेतून आणि चिनी मातीतून जवळजवळ तशाच पार जातात आणि दुधातल्या पाण्यात शोषल्या जातात. इथे आधी दूध तापतं आणि दूध भांड्याला तापवतं. त्यामुळे पेल्याला बोट लावून दुधाचा अंदाज घेणं इथे चुकतं.

पहिला परिणाम म्हणजे दूध सगळीकडे सारखं तापत नाही. या लहरी दुधात एक-दोन सेंटीमीटर शिरेपर्यंतच त्यांचा बराचसा जोर संपतो. शिवाय भट्टीच्या पोकळीत त्या भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळतात, त्यामुळे काही जागी त्या जोरदार असतात, काही जागी अगदी क्षीण. फिरती थाळी असते ती यासाठीच. पेला थाळीच्या बरोबर मध्यावर ठेवला तर तो जागच्या जागी फिरतो. कडेकडे ठेवला तर वेगवेगळ्या जागांतून जातो आणि जरा समान तापतो.

थाळी कितीही फिरली तरी वरचं आणि खालचं दूध ती मिसळत नाही. गॅसवर तळाचं दूध तापून हलकं होतं, वर चढतं, वरचं थंड दूध खाली येतं, आणि पातेलं स्वतःच स्वतःला ढवळत राहतं. मायक्रोवेव्हमध्ये तळाला आच नाही. कडेचं आणि वरचं दूध तापतं, हलकं असल्याने वरच तरंगत राहतं, आणि थंड दूध तळाशी बसून राहतं. म्हणून एकाच पेल्यात वर कढत आणि खाली कोमट दूध असू शकतं.

बाळाच्या बाटलीच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. बाटली बाहेरून कोमट लागते, पण आतल्या दुधाचा एखादा भाग तोंड भाजण्याइतका गरम असू शकतो. म्हणून बाळाचं दूध, मग ते आईचं काढून ठेवलेलं असो की पावडरीचं, मायक्रोवेव्हमध्ये तापवूच नये. वाडग्यात गरम पाणी घेऊन त्यात बाटली उभी ठेवावी, हलवून घ्यावी आणि थेंबभर दूध मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहावं. गवळ्याकडचं कच्चं दूधही गॅसवरच उकळावं. मायक्रोवेव्हमध्ये वर उकळी दिसली तरी तळाचं दूध तेवढं तापलं असेलच असं नाही, आणि कच्च्या दुधातले जंतू मरायचे तर सगळंच दूध तापायला हवं.

दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. उकळी फुटायला बुडबुड्याला कुठेतरी जन्म घ्यावा लागतो. गॅसवर पातेल्याचा तापलेला तळ आणि त्यावरचे ओरखडे ही त्याची जागा. तिथल्या बारीक खाचांत हवा अडकलेली असते आणि वाफ तिच्याभोवती जमते. मायक्रोवेव्हमध्ये पेल्याची भिंत दुधापेक्षा थंड असते, आणि नव्या गुळगुळीत काचेवर ओरखडेही नसतात. अशा वेळी उकळण्याचं तापमान ओलांडूनही द्रव उकळत नाही, नुसता स्थिर राहतो. याला अतितप्त होणं म्हणतात. साध्या पाण्यात हे सर्वात सहज घडतं. दुधात त्या मानाने कमी, पण घडतं. एकदा उकळून गार झालेलं दूध किंवा पाणी पुन्हा तापवलं तर धोका वाढतो, कारण त्यात विरघळलेली हवा आधीच निघून गेलेली असते.

मग पेला हलतो, चमचा बुडतो किंवा कॉफीची पूड पडते. पुडीच्या कणांमध्ये हवा असते आणि बुडबुड्यांना हवी ती जागा एका क्षणात हजारो ठिकाणी मिळते. २०० मिलिलिटर दूध उकळबिंदूच्या फक्त तीन अंश वर गेलं असेल, तर त्या जादा उष्णतेने सुमारे एक ग्रॅम पाण्याची वाफ होते. ऐकायला हे अगदी किरकोळ आहे. पण एक ग्रॅम पाण्याची वाफ दीड लिटरहून जास्त जागा घेते. ती पेल्यात मावत नाही, दूध घेऊनच बाहेर पडते.

दूध पाण्यापेक्षा जास्त उतू जातं ते त्यातल्या प्रथिनांमुळे. पाण्यातला बुडबुडा वर येऊन फुटतो. दुधातल्या बुडबुड्याभोवती प्रथिनांचा पातळ पापुद्रा धरतो, म्हणून तो टिकतो, आणि बुडबुड्यावर बुडबुडा चढून फेस वाढत जातो. वर सायीचं झाकण असेल तर वाफ खाली कोंडते आणि सायच उचलली जाते.

आता एका पेल्याचा हिशेब करू. फ्रिजमधलं, पाच अंशांवरचं २०० मिलिलिटर दूध ६० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता लागते. ८०० वॉटच्या मायक्रोवेव्हला त्यासाठी ५५ सेकंद पुरतात. उकळायला तेच दूध सुमारे ९५ सेकंद घेईल. थोडी उष्णता वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात दोन्ही आकडे जरा वाढतात. पण पिण्याजोगं दूध आणि उतू जाणारं दूध यांत अंतर जेमतेम ४० सेकंदांचं आहे. पेला अर्धाच भरला तर तेही निम्मं होतं. म्हणून ‘दोन मिनिटं लावून टाकू’ ही सवय दुधाला चालत नाही.

आपल्या यंत्राचा खरा जोर माहीत नसेल तर मोजता येतो. एक लिटर गार पाणी पूर्ण जोरावर दोन मिनिटं तापवा, नीट ढवळा आणि तापमान किती अंशांनी वाढलं ते पाहा. त्या आकड्याला ३५ ने गुणलं की वॉट मिळतात. २० अंश वाढलं तर यंत्र ७०० वॉटचं, म्हणजे आपल्या पेल्याला ६० अंशांसाठी साधारण ६५ सेकंद.

दूध तापवताना रुंद तोंडाचा, उंच कडांचा मग घ्यावा आणि तो निम्म्याहून थोडाच वर भरावा. स्टीलचं भांडं किंवा सोनेरी काठाचा कप नको, घट्ट झाकणही नको. मग थाळीच्या कडेकडे ठेवून ३० सेकंद तापवावा, बाहेर काढून तळापासून वर असं ढवळावं, आणि पुढे १५-१५ सेकंदांनी हेच करावं. ढवळल्याने तळाचं थंड दूध वर येतं, साय मोडते आणि दुधात थोडी हवाही जाते. एकाच कृतीने तिन्ही अडचणी हटतात.

वेळ चुकून जास्त लागली आणि दूध वाफाळतंय पण हलत नाहीय, असं दिसलं तर यंत्र बंद करून मिनिटभर तसंच राहू द्यावं. घाईने पेला उचलू नये, त्यात साखर किंवा कॉफी टाकू नये. नंतर चेहरा दूर ठेवून लांब दांड्याच्या लाकडी चमच्याने हळूच ढवळावं. दूध उसळलंच तर ते यंत्राच्या आत सांडेल, हातावर नाही.