सगळे बाहेर आले, हे कोण सांगणार?

ऑफिसच्या ईमेलवर आणि लिफ्टशेजारच्या फलकावर सूचना लागते : ‘बुधवारी सकाळी ११:१५ वाजता फायर ड्रिल. सायरन वाजताच जिन्याने खाली उतरून असेंब्ली पॉइंटवर जमावे. फ्लोअर वॉर्डनच्या सूचना पाळाव्यात.’ बहुतेक जण वेळ तेवढी बघतात आणि मीटिंग पुढे ढकलतात. खरं तर वेळ, जागा आणि वॉर्डन या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नासाठी असतात. अग्निशमन दलाचा बंब आला की अधिकारी विचारतात, ‘आत कोणी आहे का? असेल तर कुठे?’

आधी वेळ. उंच इमारतींमध्ये पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि त्यानंतर निदान सहा महिन्यांनी ड्रिल घ्यावी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. सुरुवातीच्या ड्रिल जाहीर करून घेतात. गरोदर महिला, गुडघेदुखीचे रुग्ण, कुबड्या वापरणारे यांची सोय आधी ठरवता येते आणि सायरन ऐकून कोणी घाबरून अग्निशमन दलाला फोन करत नाही. घड्याळ मात्र शेवटचा माणूस जिना उतरला की थांबवायचं नसतं. शेवटच्या मजल्याच्या वॉर्डननं हजेरी कळवली की थांबवायचं.

असेंब्ली पॉइंट म्हणजे ही हजेरी घेण्याची जागा. ती इमारतीपासून इतकी लांब हवी, की वरून फुटलेल्या काचा अंगावर पडू नयेत आणि बंबाची वाटही अडू नये. मेन गेटजवळचं पार्किंग सोयीचं वाटतं, पण बंब तिथूनच आत येतो. दुसरी नेहमीची गफलत चहाच्या टपरीवर होते. खाली उतरलेली चार माणसं परस्पर तिकडे गेली, की यादीत ती ‘आत’च राहतात आणि त्यांना शोधायला जवान धुरात शिरू शकतात.

आता वॉर्डन. हा आपल्यातलाच, रोज त्याच मजल्यावर बसणारा सहकारी असतो. तो रजेवर असला तर काम अडू नये म्हणून उपवॉर्डनही नेमलेला असतो. सायरन वाजला की तो आधी जिन्यात धूर नाही ना हे पाहतो आणि असेल तर लोकांना दुसऱ्या जिन्याकडे वळवतो. मग मजल्याच्या लांबच्या टोकापासून जिन्याकडे येत स्वच्छतागृहं, पॅन्ट्री, मीटिंग रूम, सर्व्हर रूम बघत येतो. बंद दाराला आधी हाताची मागची बाजू लावतो. दार गरम लागलं तर उघडत नाही. पाहून झालेली दारं लोटून घेतो, कुलूप लावत नाही. ज्यांना जिना उतरता येत नाही, त्यांना सोबतीला माणूस देऊन ठरलेल्या सुरक्षित जागी थांबवतो आणि ती जागा खाली कळवतो. धुरात शिरून शोध घेणं त्याचं काम नाही. जो भाग पाहता आला नाही, तो ‘पाहता आला नाही’ असंच सांगायचं.

समजा, पाचव्या मजल्यावर पंचिंगनुसार ४२ जण आहेत आणि रिसेप्शनच्या वहीत दोन पाहुणे. म्हणजे ४४ हवेत. खाली भरले ४२. एक सहकारी पंच न करता बँकेत गेलेला, फोनवर सापडला. दुसरा होता एसी दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक. वहीत त्याचं नाव होतं, म्हणूनच तो कमी आहे हे कळलं. वॉर्डनचा निरोप असा हवा : ‘पाचवा मजला, एक जण कमी, सर्व्हर रूमकडे असण्याची शक्यता.’

पाहुण्यांची वही सायरन वाजताच उचलून खाली न्यायची ती याचसाठी. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. तिची सुरुवात चौथ्या मजल्यावर झाली आणि पाच जणांचा बळी गेला. कामासाठी बाहेरगावाहून आलेली माणसंही त्या मृतांत होती. अशा पाहुण्याचं नाव ऑफिसच्या मस्टरवर कधीच नसतं आणि जिना कुठे आहे, हेही त्याला ठाऊक नसतं.

म्हणून सूचना वाचताना आपल्या वॉर्डनचं आणि उपवॉर्डनचं नाव बघून ठेवावं, पाहुणा आला असेल तर त्याला सोबत घेऊनच उतरावं आणि हजेरी झाल्याशिवाय जागा सोडू नये. व्यवस्थापनानं पुढच्या ड्रिलला एक प्रयोग करावा : कोणालाही न सांगता एकाला मीटिंग रूममध्ये बसवून ठेवावं. तरीही खालून ‘सगळे बाहेर’ असा निरोप आला, तर इमारत चार मिनिटांत रिकामी झाली असली तरी ती ड्रिल फसली असं समजून पुन्हा घ्यावी.