हातच्याची बेरीज आणि आठ ओळींची परीक्षा

सात आणि आठ पंधरा; पाच लिहायचे, हातचा एक. हा हातचा डावीकडच्या घरात जातो आणि तिथे दोनऐवजी तीन आकडे मिळवावे लागतात. कॉम्प्युटरमध्येही बेरीज अशीच घराघराने होते, फक्त आकडे दोनच असतात, ० आणि १. एका घराची बेरीज करणाऱ्या सर्किटला फुल अ‍ॅडर म्हणतात. त्यात तीन तारा येतात: दोन आकडे, अ आणि ब, आणि उजवीकडून आलेला हातचा ह. बाहेर दोन तारा जातात: या घरात लिहायचा आकडा आणि डावीकडे पाठवायचा नवा हातचा.

सर्किट जोडण्याआधी उत्तरे कागदावर मांडावीत. तीन तारांच्या ० आणि १ मिळून आठच जुळण्या होतात. या तक्त्याला ट्रुथ टेबल म्हणतात.

```
अ ब ह   आकडा  नवा हातचा
० ० ०     ०       ०
० ० १     १       ०
० १ ०     १       ०
० १ १     ०       १
१ ० ०     १       ०
१ ० १     ०       १
१ १ ०     ०       १
१ १ १     १       १
```

आता तक्ता नीट पाहा. तिघांपैकी एक किंवा तिन्ही १ असतील, तेव्हा आकडा १ येतो. दोन किंवा अधिक १ असतील, तेव्हा हातचा १ होतो. सर्किटला एवढेच करायचे आहे.

त्यासाठी तीन प्रकारची गेट पुरतात. एक्झॉर गेट दोन तारा वेगळ्या असतील तरच १ देते. अँड गेट दोन्ही १ असतील तरच १ देते आणि ऑर गेटला एक १ मिळाला तरी पुरते. अ आणि ब पहिल्या एक्झॉरमध्ये घाला. त्याचे उत्तर आणि ह दुसऱ्या एक्झॉरमध्ये गेले की आकडा मिळतो. हातचा दोन ठिकाणी तयार होऊ शकतो. अ आणि ब दोघेही १ असतील, तर तो पहिल्या अँडमध्ये होतो. दोघांपैकी एकच १ असेल आणि ह सुद्धा १ असेल, तर दुसऱ्या अँडमध्ये. म्हणून दुसऱ्या अँडला पहिल्या एक्झॉरचे उत्तर आणि ह द्यायचे, आणि दोन्ही अँड ऑरमध्ये एकत्र आणायचे. झाली पाच गेट.

ब्रेडबोर्डवर यासाठी तीन आयसी लागतात: ७४८६ मधले दोन एक्झॉर, ७४०८ मधले दोन अँड आणि ७४३२ मधला एक ऑर. तिन्हींच्या १४ नंबरच्या पायाला ५ व्होल्ट आणि ७ नंबरच्या पायाला ग्राउंड. तीन स्विच, दोन एलईडी, आणि प्रत्येक एलईडीबरोबर रेझिस्टर.

खरी मेहनत पडताळणीत असते. समजा, कुणी दुसरे अँड विसरला आणि नवा हातचा थेट पहिल्या अँडमधून घेतला. त्याने तिन्ही स्विच बंद ठेवून पाहिले, उत्तर बरोबर. एकेक स्विच चालू केला, बरोबर. अ आणि ब दोन्ही चालू केले, बरोबर. तिन्ही चालू केले, तरीही बरोबर. तेवढ्यावर थांबला, तर चुकीचे सर्किट पास! चूक फक्त ०११ आणि १०१ या दोन ओळींत उघडी पडते, कारण तिथे हातचा केवळ दुसऱ्या अँडमधूनच येतो. म्हणून आठही ओळी क्रमाने तपासायच्या आणि प्रत्येक ओळीपुढे दिसले तेच उत्तर लिहायचे, अपेक्षित नव्हे.

चुकलेल्या ओळींवरून दोष कुठे आहे हेही कळते. जुन्या टीटीएल जातीच्या आयसीचा मोकळा पाय बहुधा १ असल्यासारखा वागतो. ह ची तार ब्रेडबोर्डमधून निसटली, तर ००० या पहिल्याच ओळीत आकड्याचा एलईडी पेटतो आणि ह चा स्विच कसाही फिरवला तरी काही बदलत नाही. ह बंद असलेल्या चारही ओळी चुकल्या, तर आधी ती तार पाहावी. नव्या हातच्याचा एलईडी कायम पेटलेला असेल, तर ऑरकडे येणारी एखादी तार सुटलेली असण्याची शक्यता मोठी.

अशी चार घरे साखळीत जोडली की चार बिटांची बेरीज होते. पण आता आत येणाऱ्या तारा नऊ आणि ओळी ५१२. चौसष्ट बिटांना तारा १२९, आणि ओळी इतक्या की एकेक तपासणे अशक्य. म्हणूनच एका घराच्या आठ ओळी पक्क्या करून घ्यायच्या आणि साखळीत फक्त जोडणी तपासायची. त्यासाठी ११११ मध्ये ०००१ मिळवून पाहावे. चारही घरांत आकडा ० आणि शेवटून हातचा १ बाहेर आला, तर उजवीकडे निघालेला हातचा प्रत्येक घर ओलांडून डाव्या टोकाला पोहोचला आहे.