‘कृपया लक्ष द्या’ हा नमस्कार नव्हे

हिंगणघाट स्थानकावर ‘टिंगटाँग’ वाजतं, मग ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ असं ऐकू येतं. रेल्वे फार अदबीनं बोलते, असा अनेकांचा समज. अदब आहेच, पण त्या शब्दांचं खरं काम वेगळं आहे. फलाटावर कुणी चहा घेत असतो, कुणी फोनवर असतो. आवाज आला की कान तिकडे वळायला क्षण-दोन क्षण जातात आणि तेवढ्यात बोललेलं हुकतं. म्हणून सुरुवातीला हुकलं तरी चालेल असंच काही ठेवायचं. गाडीचा क्रमांक त्यानंतर, फलाट त्याच्याही नंतर. तरी निसटलंच, तर तेच पुन्हा हिंदीत आणि इंग्रजीत येतं.

दुसरा समज असा, की आत कुणी बाई बसून वाचत असते. पूर्वी तसंच होतं. सरला चौधरी 1982 मध्ये मध्य रेल्वेत उद्घोषिका झाल्या तेव्हा माईकसमोर बसूनच बोलावं लागे. आज बहुतेक ठिकाणी आधी ध्वनिमुद्रित केलेले तुकडे संगणक जोडतो. क्रमांक सुटे आकडे करून सांगतात, त्याचा एक फायदा इथे आहे. ग्रँड ट्रंक एक्सप्रेसचा 12616 ‘एक दोन सहा एक सहा’ असा सांगितला की दहा आकड्यांच्या ध्वनिमुद्रणात सगळ्या गाड्या भागतात. शिवाय एकोणसाठ की एकोणसत्तर, हा घोळही टळतो.

मराठीत मात्र जोडकाम अवघड. ‘हिंगणघाट’पुढे ‘हून’ लावलं की झालं. ‘वर्धा’पुढे तेच लावलं तर ‘वर्धाहून’ होतं आणि ते कुणाही वऱ्हाडी माणसाच्या कानाला खुपतं. ‘वर्ध्याहून’ वेगळंच बोलून घ्यावं लागतं. एखादं गावाचं नाव वाक्यात अडखळलं, तर तिथे सांधा आहे हे ओळखावं.

विमानातला ‘नमस्कार’ मात्र खराखुरा नमस्कार असतो. उड्डाणापूर्वी सुरक्षेची माहिती देणं नियमानं बंधनकारक आहे, अभिवादन कसं करायचं हे कंपनी ठरवते. एअर इंडियानं तर मार्च 2019 मध्ये प्रत्येक घोषणेच्या शेवटी ‘जय हिंद’ म्हणायला कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं. लंडनच्या भुयारी रेल्वेत 2017 मध्ये ‘लेडीज अँड जंटलमन’ बदलून ‘हॅलो एव्हरीवन’ आलं, कुणाला वगळल्यासारखं वाटू नये म्हणून. आपल्या ‘प्रवाशांनी’त बाई-पुरुष दोघेही आधीपासून होतेच, ही आपली आयती सोय.

एसटी स्थानकावर वाहतूक नियंत्रक स्वतः माईक घेतो, तेव्हा हे सगळं साचेबद्ध बोलणं गळून पडतं. तो थेट गावाचं नाव घेतो आणि पहिला शब्द हुकू नये म्हणून तेच नाव दोन-तीनदा उच्चारतो: ‘नागपूर, नागपूर, नागपूर!’