अर्धा तास की दोन दिवस? अतिसंवेदनशीलतेच्या चार प्रकारांचा एक तक्ता

लस टोचून झाली की परिचारिका सांगते, ‘अर्धा तास इथेच बसा.’ त्याच दवाखान्यात क्षयरोगाच्या संशयावरून मांटू चाचणी केली, तर ती सांगते, ‘परवा या, हात दाखवायला.’ दोन्ही वेळा सुई हातालाच टोचलेली असते आणि दोन्ही वेळा शरीराची प्रतिक्रिया पाहायची असते. तरी एका ठिकाणी अर्धा तास पुरतो आणि दुसऱ्या ठिकाणी किमान ४८ तास थांबावे लागते. अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात अशा वाट पाहणाऱ्यांची रांग नेहमीचीच. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार’ या धड्यात जे पाठ करावे लागते, त्याचे सार या दोन सूचनांत आहे.

रोगप्रतिकारशक्ती शरीराचे रक्षण करते, पण कधीकधी तिचाच मार शरीराला बसतो. या माराला अतिसंवेदनशीलता म्हणतात. १९६३ मध्ये फिलिप जेल आणि रॉबिन कूम्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिचे चार गट पाडले. त्याआधी प्रत्येक आजाराचे वर्णन वेगळे होते. शिंका, दमा, रक्त चढवल्यानंतरची कावीळ, त्वचेवरचा इसब, सगळे आपापल्या प्रकरणात. जेल आणि कूम्ब्स यांनी विचारले, की मार कोण देतो आणि कसा देतो? उत्तरे चारच निघाली.

विद्यार्थ्यांच्या वहीत मात्र हे चार प्रकार चार वेगवेगळ्या पानांवर असतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांत मिसळतात. इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून ‘ॲसिड’ असा शब्द करून नावे लक्षात राहतात, पण रुग्ण नाव सांगत येत नाही. तो सांगतो, की काय घेतले आणि त्रास केव्हा सुरू झाला. म्हणून चारही पाने एका तक्त्यात आणताना वेळेचा रकाना हवाच.

| प्रकार | मार देणारे | काय घडते | केव्हा | उदाहरण |
|---|---|---|---|---|
| पहिला | आयजीई प्रतिपिंड, मास्ट पेशी | हिस्टामाइन सुटते. गांधी, धाप, रक्तदाब कोसळणे | काही मिनिटांत | मधमाशीचा दंश, शेंगदाण्याची ॲलर्जी |
| दुसरा | आयजीजी, आयजीएम प्रतिपिंड | प्रतिपिंड थेट पेशीवर बसून तिचा नाश करतात | मिनिटांपासून दिवसांपर्यंत | चुकीच्या गटाचे रक्त, आरएच न जुळणारे बाळ |
| तिसरा | प्रतिजन आणि प्रतिपिंड यांच्या गाठी | गाठी सांधे, मूत्रपिंड, रक्तवाहिन्यांत अडकून दाह | पहिल्यांदा साधारण आठवड्याने | सीरम सिकनेस |
| चौथा | टी पेशी; प्रतिपिंड नाहीत | पेशी गोळा होऊन जागा कडक होते | ४८ ते ७२ तासांत | मांटू चाचणी, गाजरगवताचा इसब |

पहिल्या प्रकारात मास्ट पेशी जणू भरलेली बंदूक घेऊन बसलेल्या असतात. पूर्वीच्या संपर्कातून तयार झालेले आयजीई प्रतिपिंड त्यांच्या अंगावर चिकटलेले असतात, त्यामुळे घोडा ओढला जायला मिनिटे पुरतात. चौथ्या प्रकारात टी पेशींना निरोप जातो, त्या रक्तातून त्या जागी येतात, आणखी पेशींना बोलावतात. या प्रवासाला दोन दिवस लागतात. मांटू चाचणीत लाली मोजत नाहीत, बोटाला लागणारा कडकपणा मिलिमीटरमध्ये मोजतात तो याचमुळे. तो कडकपणा म्हणजे तिथे जमलेल्या पेशी.

दुसऱ्या ओळीत मात्र घड्याळ फारसे कामाचे नाही. चुकीच्या गटाचे रक्त चढले तर काही मिनिटांतच थंडी वाजते, कंबर दुखते, लघवी लाल होते. आरएच न जुळणाऱ्या बाळात हाच प्रकार गर्भातच हळूहळू चालतो. इथे वेळेपेक्षा ‘कोणती पेशी फुटली’ हा प्रश्न उपयोगी पडतो. तांबड्या पेशींवर प्रतिपिंड बसले आहेत का, हे दाखवणारी चाचणी त्याच कूम्ब्स यांच्या नावाने ओळखली जाते. ती चार प्रकारांच्याही आधीची, १९४५ ची.

तक्ता पाठ झाला की तो वापरून पाहावा लागतो, आणि वऱ्हाडात त्यासाठी सर्पदंशाइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. समजा, दर्यापूरकडच्या एका शेतमजुराला ऑगस्टमध्ये निंदण करताना घोणस चावली. रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवूनही गोठले नाही, म्हणून सर्पविषप्रतिबंधक लसीच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू झाल्या. पंधरा-वीस मिनिटांत अंगाला खाज सुटली, गांधी उठल्या, नाडी क्षीण लागू लागली. सलाइन थांबवून मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन दिले. तो सावरला आणि लस पुन्हा सावकाश सुरू झाली.

विद्यार्थी ही घटना बेधडक पहिल्या ओळीत लिहितो. चित्र हुबेहूब तेच, वेळही तीच. पण पहिल्या प्रकारासाठी आयजीई आधीपासून हवे आणि या माणसाने ही लस आयुष्यात कधी घेतलेली नाही. घोड्यांच्या रक्तापासून बनवलेल्या या लसीची सुरुवातीची प्रतिक्रिया बहुतेक वेळा आयजीईशिवायच होते; लसीतल्या प्रथिनांनी रक्तातली पूरक प्रथिने थेट जागी होतात आणि मास्ट पेशी तरीही फुटतात. उपचार तोच, ॲड्रेनलिन. मात्र एक गोष्ट बदलते. लस देण्यापूर्वी त्वचेखाली थेंबभर टोचून ‘चाचणी’ घेण्याची जुनी पद्धत आयजीई शोधते. जिथे आयजीईचा संबंधच नाही, तिथे ती धोका सांगू शकत नाही. चाचणी स्वच्छ आली तरी प्रतिक्रिया येऊ शकते आणि तिच्यात मोलाचा वेळ जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्पदंशविषयक सूचनांमध्ये ही चाचणी करू नये असेच म्हटले आहे.

मजूर पाचव्या दिवशी घरी जातो. नवव्या दिवशी ताप येतो, गुडघे आणि मनगटे ठणकतात, अंगावर पुरळ येते, काखेत गाठी लागतात. घरचे म्हणतात, ‘विष पुन्हा चढलं.’ इथून मांत्रिकाची वाट फार लांब नसते. तक्त्यातील वेळेचा रकाना पाहिला तर उत्तर तिसऱ्या ओळीत आहे. घोड्याचे प्रथिन रक्तात रेंगाळले, साधारण आठवड्याने शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंड बनवले आणि दोघांच्या बारीक गाठी सांध्यांत व रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकल्या. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ मध्ये या आजाराचे वर्णन केले. घटसर्पाच्या मुलांना घोड्याचे सीरम दिल्यावर मधल्या काळात काहीच न होता आठवड्याने त्रास का होतो, हे कोडे त्यांनी सोडवले. ‘ॲलर्जी’ हा शब्दही पिर्के यांनीच पुढच्या वर्षी घडवला.

विष परतले की सीरम सिकनेस, हे ओळखायला पुन्हा तीच काचेची नळी कामी येते. विषाचा परिणाम असेल तर रक्त गोठणार नाही, हिरड्यांतून किंवा जखमेतून रक्त येईल. शिवाय तो परतला तर बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत परततो. सीरम सिकनेसमध्ये रक्त नीट गोठते. लघवीत प्रथिन आहे का ते पाहतात, खाजेसाठी गोळ्या आणि त्रास जास्त असेल तर प्रेडनिसोलोनचा काही दिवसांचा कोर्स देतात. या माणसाला पूर्वी कधी अशी लस मिळालेली असेल, तर नऊ दिवसही लागणार नाहीत. तयार आठवणीवर प्रतिपिंड लवकर बनतात.

एकाच औषधाने दोन ओळींच्या जवळ जाता येते, हे या उदाहरणातून दिसते. पेनिसिलिन तर चारही ओळींत बसते. म्हणून उदाहरणांच्या रकान्यात नुसते ‘पेनिसिलिन’ किंवा ‘परागकण’ असे लिहिणे व्यर्थ आहे. पदार्थ ओळ ठरवत नाही.

धुऱ्यावरचे गाजरगवत हेच सांगते. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण आज वऱ्हाडच्या प्रत्येक पडीक तुकड्यावर आहे. त्याचे परागकण नाकात गेले आणि लगेच शिंका सुरू झाल्या, तर तो पहिला प्रकार. पण त्वचारोगतज्ज्ञांकडे शेतकरी येतो तो वेगळी तक्रार घेऊन : ‘धुऱ्यावरचं गवत काढलं का दोन दिसानं तोंड सुजते जी.’ हे ‘दोन दिसानं’ निदानाला पुरेसे बोलके आहे. झाडातले पार्थेनिन हे रसायन त्वचेतल्या प्रथिनाला चिकटते आणि टी पेशी जाग्या होतात. वाळलेल्या झाडाची धूळ हवेतून बसते, म्हणून पापण्या, कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग, कोपराची खोबण हेही सुटत नाही. उन्हाच्या ॲलर्जीत नेमक्या याच सावलीतल्या जागा वाचतात, हा दोन्हींतला फरक. खात्रीसाठी पाठीवर पट्टी लावतात आणि ती ४८ तासांनी काढून वाचतात. हिस्टामाइनविरोधी गोळीने शिंका थांबतील. या इसबाला तिचा फारसा उपयोग नाही, कारण इथे हिस्टामाइन मुख्य नाही.

तक्त्यातला सर्वांत अवघड खड्डा मात्र शब्दांचा आहे. दाजीसाहेब पटवर्धनांच्या तपोवनामुळे अमरावतीचे नाव कुष्ठसेवेशी जोडले गेले आहे, आणि अचलपूरजवळ कोठाऱ्यालाही जुने कुष्ठरोग रुग्णालय आहे. कुष्ठरोगाचे उपचार चालू असताना किंवा संपल्यावर काही रुग्णांना अचानक ‘रिॲक्शन’ येते. तिचे दोन प्रकार, आणि नावे अशी की विद्यार्थी फसलाच पाहिजे. कुष्ठरोगातील ‘टाइप वन रिॲक्शन’ ही अतिसंवेदनशीलतेचा चौथा प्रकार आहे : जुने चट्टे लाल होऊन फुगतात, नस दुखते, बोटांत किंवा पावलात दुबळेपणा येतो. ‘टाइप टू रिॲक्शन’ हा तिसऱ्या प्रकाराचा आजार समजला जातो : ताप, सांधेदुखी आणि त्वचेखाली दुखऱ्या लाल गाठी.

म्हणून तक्त्याच्या खाली, वेगळ्या शाईने, आकडे न वापरता लिहिलेले बरे : फुगलेले चट्टे आणि दुखरी नस, टी पेशी, दुखऱ्या गाठी आणि ताप, अडकलेल्या गाठी. पहिल्यात कोपराजवळची नस दाबून पाहायची, करंगळी बाजूला नेता येते का आणि पाऊल वर उचलता येते का ते त्याच दिवशी तपासायचे. दुबळेपणा नवा असेल तर प्रेडनिसोलोन लवकर सुरू केल्यास हात वाचू शकतो. सहा महिन्यांहून जुना असेल तर ती शक्यता फार कमी उरते.