आवाज तीन आठवडे बसलेला असेल, तर घशाची दुर्बीण तपासणी का करतात?

आमच्या शाळेतील एका आपांचा आवाज सहा आठवडे बसलेला होता. पहिलीच्या वर्गात दिवसभर मोठ्याने शिकवायचे, घरी आल्यावर मध आणि ज्येष्ठमध घ्यायचे, असे सुरू होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी "नाकातून दुर्बीण घालून बघू" म्हटले आणि आपा घाबरल्या. बेशुद्ध करतील, घशात पाइप घालतील, असे ऐकलेले. दोन आठवडे त्या गेल्याच नाहीत. शेवटी आम्ही सोबत गेलो. तिथे जे पाहिले ते सांगतो, म्हणजे दुसरे कोणी भीतीपोटी असे दिवस घालवणार नाही.

आवाज स्वरयंत्रातल्या दोन स्वरपट्ट्यांमधून निघतो. त्या जिभेच्या मुळाच्या खाली असतात. तोंड कितीही उघडले तरी टॉर्चने दिसत नाहीत. म्हणून ही दुर्बीण लागते. ती तीन-चार मिलिमीटर जाडीची, वाकणारी, टोकाला दिवा आणि कॅमेरा असलेली नळी असते. तोंडातून काही आत गेले की उबळ येते, नाकातून गेले तर ती खूप कमी येते. म्हणून वाट नाकातून.

आपांना खुर्चीवर ताठ बसवले. आधी नाकात औषधाचा फवारा मारला. त्याने नाक मोकळे होते आणि आतला भाग बधिर होतो. औषध घशात उतरते, कडू लागते. मग गिळताच येत नाही असे वाटते. प्रत्यक्षात गिळता येते आणि श्वासही चालू असतो, फक्त जाणीव कमी झालेली असते. पाच-दहा मिनिटांनी डॉक्टरांनी नळी हळूच आत सरकवली. आपांना नाकात दाब जाणवला, डोळ्यांत पाणी आले, पण दुखले नाही. डॉक्टर सांगत होते, नाकाने श्वास घ्या, "ईऽऽ" म्हणा, आता जोरात हुंगा. "ई" म्हणताना पट्ट्या जवळ येतात, हुंगताना दूर होतात. दोन्ही सारख्या हलतात की नाही, हेच बघायचे असते. दोन मिनिटांत काम झाले. इंजेक्शन नाही, भूल नाही.

स्क्रीनवर दोन्ही पट्ट्यांच्या कडांवर, समोरासमोर, बारीक गाठी दिसल्या. सतत जोर लावून बोलण्याने घट्टे पडावेत तशा. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले नाही. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे पाठवले, ओरडणे बंद आणि कुजबुजणेही बंद, कारण त्यानेही आवाजावर ताण येऊ शकतो.

प्रत्येकाचे असेच निघेल असे नाही. एक पट्टी हलत नसेल तर डॉक्टर छातीचाही स्कॅन सांगू शकतात. डाव्या पट्टीची नस छातीत उतरून पुन्हा वर येते, त्यामुळे दोष छातीतही असू शकतो. पट्टीवर जखम किंवा वाढ दिसली तर तुकडा काढून तपासावा लागतो. दुर्बिणीने वरचा थर दिसतो, कॅन्सर आहे की टीबी हे नुसते बघून ठरत नाही. तुकडा काढण्यासाठी बहुधा वेगळी वेळ आणि भूल लागते. आणि ही पोटाची एंडोस्कोपी नव्हे, अन्ननलिका किंवा पोट यात दिसत नाही.

जाण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी सांगाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, नाकातून वारंवार रक्त येते का, बधिर करणाऱ्या औषधाची ॲलर्जी आहे का. नंतर कधी शिंका येतात, थोडे रक्त येते, क्वचित चक्कर येते. बधिरपणा जाईपर्यंत, साधारण तासभर, काही खाऊ-पिऊ नये, नाहीतर ठसका लागतो किंवा गरम चहाने तोंड भाजते. रोजा असेल तर औषध घशात उतरते हे लक्षात ठेवून, घाई नसेल तेव्हा इफ्तारनंतरची वेळ मागावी. बुरखा घालणाऱ्या बहिणींना फक्त चेहरा उघडावा लागतो, घरचे माणूस सोबत ठेवता येते.

सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज बहुधा दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवडे उलटले तर तपासणी करून घ्यावी. विडी, सिगारेट, तंबाखू किंवा गुटख्याची सवय असेल, मानेत गाठ असेल, गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त असेल तर तेवढेही थांबू नये. श्वास घेताना घरघर आवाज येत असेल तर थेट इस्पितळ गाठावे.

आपा आता वर्गात टाळी वाजवून मुलांना गप्प करतात.